सोळा शब्दांत हात धुवायची फिल्म: आशाताईंसाठी ॲनिमेशनची स्क्रिप्ट कशी लिहायची

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागात आरोग्यावर काही करायला घेतलं की भाषेचा प्रश्न दारातच उभा असतो. एका आशाताईच्या घरांमध्ये एक गल्ली मराठी, दुसरी कन्नड, ताई दोन्ही बोलते, सर्क्युलर कन्नडमधनं येतं आणि ज्या घरात ती जाते तिथल्या आज्जीला एकच भाषा येते, ती कुठली हे घर बघून कळतं. म्हणून इथं फिल्म लिहायची तर ती जवळजवळ मुकी लिहावी लागते. मी गेली काही वर्षं अशा छोट्या ॲनिमेशन फिल्म लिहितोय, त्यातली हात धुण्याची एक पूर्ण उलगडून सांगतो, कारण ती लिहिताना जिथं जिथं अडलं तिथं तिथं नवीन लिहिणारा प्रत्येक जण अडतो.

आधी एकच वेळ पकडा

"हात धुण्याचं महत्त्व" ह्या विषयावर फिल्म लिहायला बसलात तर फसाल. जेवणाआधी, संडासहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी असं सगळं एका मिनिटात कोंबलं की बघणाऱ्याला फक्त "हात धुवा" एवढंच ऐकू येतं आणि ते त्याला आधीच माहीत असतं. आम्ही एकच वेळ घेतली, आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते आणि नवजात बाळाला हात लावायच्या आधी हात धुते ती.

ही वेळ का घेतली ते सांगतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ताईला त्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं असतं, म्हणजे सहा वेळा. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. प्रत्येक वेळी ती बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळ बघते, म्हणजे बाळाला हात लागणारच. आणि सहाही वेळा घरची आज्जी शेजारी उभी असते. म्हणजे ताईला एक गोष्ट नीट दाखवली की ती त्या घरात सहा वेळा दिसते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आम्ही एवढंच लिहिलं होतं: "कोण: आशाताई. कुठं: बाळंतिणीच्या दारात. काय: बाळाला हात लावायच्या आधी साबणानं हात." ही ओळ पक्की होईपर्यंत चित्र काढायला घेऊ नका. संडासनंतरचे हात ही वेगळी फिल्म आहे, तिचा बघणारा वेगळा, तिची भीड वेगळी, ती ह्यात घुसवायची नाही.

न दिसणारी घाण दाखवायची कशी

सगळी मेख इथं आहे. जंतू दिसत नाहीत आणि फिल्म म्हणजे तर दिसणारी गोष्ट. नवीन माणूस लगेच शिंगंवाले हिरवे राक्षस काढतो. ते शाळेच्या पोरांना आवडतात, खरं गावात मोठी माणसं बघतात आणि म्हणतात, असलं काय आमच्या हातावर नाही. चित्रात जे मोठं करून दाखवाल ते लोक तेवढंच मोठं आहे असं धरून चालतात, ह्यात त्यांची काही चूक नाही, भिंगातनं बघायची सवय असलेल्यालाच मोठं केलेलं चित्र कळतं.

म्हणून राक्षस सोडून रंग घ्या. ताई ज्याला हात लावेल त्याचा रंग हाताला लागतो, हाताचा रंग पुढं जाईल तिथं लागतो, बस. एवढा एक नियम बघणाऱ्याला दहा सेकंदात कळतो आणि मग पूर्ण फिल्म त्या रंगावर चालते.

आता रंग कुठला. पहिल्या खेपेला मी पिवळा घेतला, कारण स्क्रीनवर उठून दिसतो आणि हातावर स्पष्ट दिसतो. रायबाग बाजूच्या एका गावात कच्चं काम दाखवलं, तिथली एक आज्जी हात बघून खूश झाली आणि म्हणाली, "भंडार ऐती, चलो ऐती." भंडारा आहे, चांगलं आहे. चिंचलीची मायाक्का जवळच, सौंदत्तीची यल्लम्मा सगळ्यांच्या घरात, तिथं हातावरचं पिवळं म्हणजे देवीचा प्रसाद, आणि बाळंतिणीच्या घरात हळद तर असतेच. मी त्यालाच घाण म्हणून दाखवत होतो. काळा घेऊया म्हटलं तर बाळाला काळी तीट लावतात, नजर लागू नये म्हणून. राखाडी म्हटलं तर राखेनं हात आणि भांडी धुतलेली माणसं अजून घराघरात आहेत, त्यांच्यासाठी राख म्हणजे स्वच्छ करायची वस्तू. लाल म्हणजे कुंकू नाहीतर रक्त.

शेवटी जांभळा घेतला. जांभळं खाल्ल्यावर हात जसा होतो तसा. खानापूरच्या रानातली जांभळं सगळ्यांनी खाल्लेली असतात, तो डाग चिकट असतो, नुसत्या पाण्यानं जात नाही, पदराला लागला की राहतो, आणि कुठल्या देवाचा नाही की कुठल्या कार्याचा नाही. तुमच्या भागात दुसरा रंग निघेल, खरं तो घरात बसून ठरवू नका, पाच-सहा आज्ज्यांना रंगवलेल्या हाताचं चित्र दाखवा आणि "हे काय लागलंय?" एवढंच विचारा.

घड्याळ न दाखवता वीस सेकंद

साबण लावून चोळायचं ते निदान वीस सेकंद, भिजवण्यापासनं वाळवण्यापर्यंत सगळं धरून चाळीस ते साठ सेकंद. फिल्ममध्ये नेहमीची चूक अशी की हे चोळणं चार सेकंदात उरकतात आणि कोपऱ्यात "२० सेकंद" लिहितात. बघणारा आकडा वाचत नाही, तो हालचाल बघतो, आणि चार सेकंदच शिकतो. म्हणून चोळण्याचे वीस सेकंद कापायचे नाहीत, खऱ्या वेळेत दाखवायचे.

मग ते कंटाळवाणे होऊ नयेत आणि मोजता यावेत म्हणून मागं पाळणा ठेवला. तुळईला बांधलेली झोळी, एक पूर्ण झोका दोन सेकंदाचा, दहा झोके झाले की वीस सेकंद. दोरीची कुरकुर आवाजात ठेवली, त्यामुळं न बघताही ताल कळतो. ॲनिमेटरला स्क्रिप्टमध्येच लिहून द्या की झोका म्हणजे जाऊन परत येणं, सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबानं 48 फ्रेम. नाहीतर तो नुसतं जाण्यालाच झोका धरतो आणि तुमचे वीस सेकंद दहावर येतात, आमचं एकदा असंच झालं होतं.

एक जपा. खऱ्या घरातला झोका दोरीच्या लांबीवर चालतो. साधारण एक मीटर लांब असेल तर दोन सेकंदाचा, तुळईवरनं दोन मीटर खाली आलेली झोळी पावणेतीन सेकंदाहून जरा जास्त घेते, त्यात दहा झोके म्हणजे अठ्ठावीस सेकंद, ते चालतंय. खरं अर्ध्या मीटरचा छोटा पाळणा दहा झोके चौदा सेकंदातच संपवतो. म्हणून ताईंना "घरचा पाळणा बघून मोजा" असं सांगायचं नाही, फिल्मबरोबर तीन-चार वेळा हात चोळून घ्यायचे, मग अंगात बसतं.

वीस सेकंदाचे पाच भाग केले, प्रत्येकी चार सेकंद म्हणजे दोन झोके: तळवे, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, आणि शेवटी बोटांची टोकं नि नखं दुसऱ्या तळव्यावर घासून. माणसं हात धुताना अंगठे, बोटांची टोकं आणि बेचक्याच हमखास विसरतात, म्हणून जांभळा तिथंच शेवटपर्यंत राहू द्यायचा. तळवा स्वच्छ दिसतो आणि अंगठा जांभळाच, हे चित्र बघितलं की सांगायला शब्द लागत नाही.

कागदावर कसं लिहायचं

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडं दिसणार ते, उजवीकडं ऐकू येणार ते, आणि समासात सेकंद. डावी बाजू आधी पूर्ण लिहा, उजवी झाकून वाचा, गोष्ट कळली तरच उजवीकडं जा. आमची अशी झाली, एकूण 72 सेकंद:

शॉट 1, 10 सेकंद. गुलाबी साडीतल्या ताईचा हात बसच्या दांडीवर, मग सुट्टे पैसे, मग फाटकाची कडी, प्रत्येक ठिकाणी जांभळा लागतो. घाम पुसायला पदर, पदरालाही लागतो.

शॉट 2, 6 सेकंद. दारात आज्जी: "या ताई, बाळ उठलंय." जांभळा हात झोळीकडं जातो आणि बाळापासनं वीतभर अंतरावर थांबतो.

शॉट 3, 5 सेकंद. ताई: "आधी हात. पाणी घाला आज्जी." घड्याळ आणि अंगठी काढून बॅगेत, बांगड्या वर.

शॉट 4, 6 सेकंद. आज्जी तांब्यानं पाणी घालते, हात कोपरापर्यंत भिजतात. जांभळा पसरतो, फिका होतो, जात नाही.

शॉट 5, 4 सेकंद. ताईच्या बॅगेतनं साबणाची डबी. साबण फिरतो, फेस येतो.

शॉट 6, 20 सेकंद. चोळणं, दहा झोके. बेचक्या झाल्यावर, म्हणजे बाराव्या सेकंदाला, आज्जी: "झालं की?" ताई: "अंगठा राहिला."

शॉट 7, 7 सेकंद. परत पाणी. जांभळा फेस मोरीत, मागनं स्वच्छ पाणी.

शॉट 8, 6 सेकंद. हात सवयीनं पदराकडं जातो, पदरावरचा जांभळा डाग दिसतो, हात मागं. बोटं वर करून हवेत वाळवते.

शॉट 9, 8 सेकंद. कोरडे हात. "आता द्या बाळ." बाळाची मूठ ताईच्या बोटावर बंद होते.

मोजून बघा, मराठीत सोळा शब्द. आपण बोलतो ते सेकंदाला साधारण दोन शब्द धरलं तर 72 सेकंदात दीडशेच्या आसपास शब्द मावले असते, खरं मावतात म्हणून भरायचे नाहीत. निवेदक ठेवलाच नाही, जे काय ते ताई आणि आज्जीच बोलतात. कन्नडमध्ये तीच वाक्यं: "बर्री अक्का", "मोदल कै", "हेब्बेट्ट उळीतु". कन्नड वाक्य मराठीपेक्षा लांब झालं तर शॉटमध्ये जागा पाहिजे, म्हणून प्रत्येक बोलण्यानंतर सेकंदभर रिकामं सोडलंय, आणि बोलणं, पाळणा-पाण्याचे आवाज असे ट्रॅक वेगवेगळे ठेवायला सांगितले, म्हणजे भाषा बदलताना बाकीचं हलवावं लागत नाही. स्क्रीनवर अक्षर एकही नाही, ना मराठी ना कन्नड. आमच्या भागात पाटीवरच्या अक्षरावरनं काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, बाळाच्या फिल्मला त्यात ओढायचं नाही.

आता ह्यातल्या दोन-तीन गोष्टींवर जरा थांबतो, कारण त्या साध्या दिसतात खरं त्यांच्यावरच जास्त वेळ गेला.

पाणी आज्जी का घालते? बऱ्याच घरी दाराशी नळ नाही, घागरीत नाहीतर पिंपात पाणी. ताईनं स्वतः तांब्या उचलला तर जांभळा तांब्याला लागतो आणि धुतल्यावर तोच तांब्या धरला की परत हाताला येतो, म्हणजे फिल्मचा नियमच सांगतो की दुसऱ्यानं पाणी घालायला पाहिजे. आणि आज्जीला काम मिळालं की ती नुसती बघत राहत नाही, सगळं अगदी जवळनं बघते. नळ दाखवला असता तर ज्या घरी नळ नाही तिथं "आमच्याकडं कसं जमणार" म्हणून फिल्म तिथंच संपली असती. साबणही घरातला मागितला नाही, बॅगेतनं काढला, कारण घरातला साबण कुठं आहे ते शोधण्यात बाळंतिणीच्या घरी ताईला उगीच संकोच होतो.

बांगड्या. ट्रेनिंगमध्ये बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायला सांगतात, कारण त्यांच्याखाली साबण पोचत नाही. पहिल्या चित्रात आम्ही ताईचं मनगट एकदम मोकळं काढलं. बायकांनी बघितलं आणि एकजण हळूच म्हणाली, "ही बिचारी..." आणि पुढं काही बोलली नाही. मोकळ्या मनगटाचा तिनं जो अर्थ लावला त्यानं पूर्ण फिल्मवर सावली पडली, पुढचं कुणी बघितलंच नाही. मग घट्ट काचेच्या बांगड्या कोपराकडं वर सरकवून चोळलेलं दाखवलं, घड्याळ-अंगठी मात्र काढलेली, आणि हे पीएचसीच्या सिस्टरना दाखवून विचारून पक्कं केलं. असा बदल स्वतःच्या मनानं करायचा नाही, जे आरोग्याचं आहे ते आरोग्यवाल्यांनी बघितल्याशिवाय पुढं सरकू नका.

पदराचा डाग पहिल्याच शॉटमध्ये पेरलाय ते बघा. आठव्या शॉटमध्ये "पदराला हात पुसू नका" म्हणायला एक वाक्य लागलं असतं आणि ते ताईला टोचलंही असतं. आधी लागलेला डाग आठवला की बघणारीच "अगं अगं" म्हणते. कमी शब्दांत लिहायचं म्हणजे शेवटी कामाला येणारी वस्तू सुरुवातीला कुणाच्या तरी हातात देऊन ठेवायची.

आणि बाळ आजारी दाखवू नका. आमच्या एका खर्ड्यात जांभळा बाळाच्या नाळेला लागतो आणि बाळ मलूल होतं असं होतं. ओली बाळंतीण शेजारी बसून बघणार आहे, तिला ते बघवणार नाही आणि घरचे मोबाईल बंद करतील. हात वीतभर अलीकडं थांबला तेवढ्यानं धोका कळतो.

चित्र काढणाऱ्याला काय सांगायचं

हात तोडून दाखवू नका. नुसते मनगटापासनंचे दोन हात हवेत, हे पोस्टरवर सगळीकडं असतं, गावात ते बघायला चमत्कारिक वाटतं. हात कुणाचे हे आधी दाखवा, मग सावकाश जवळ जा. चोळायचा शॉट ताईच्या खांद्यावरनं घ्या, म्हणजे बघणारीला ते आपलेच हात वाटतात. समोरनं घेतलं तर आरशासारखं उलटं होतं आणि बरोबर करून बघताना डावं-उजवं चुकतं. बाण, फुली, बरोबरची खूण, डोक्यावरचा विचाराचा ढग, हे सगळं वाचायला शिकावं लागतं, म्हणून काहीच नको.

ही फिल्म अंगणात, उन्हात, तडा गेलेल्या पाच-सहा इंची स्क्रीनवर बघितली जाणार आहे. चोळताना हात अर्ध्याहून जास्त स्क्रीन भरतील एवढे मोठे, रेघ जाड, मागची भिंत फिकट, जांभळा गडद. फाईल दहा एमबीच्या आतबाहेर ठेवा, ताईच्या फोनमध्ये जागा नसते.

खर्च वाचवायचा तर तो स्क्रिप्टमध्येच वाचतो. चोळण्याची प्रत्येक हालचाल एका सेकंदाची बनवा आणि चार वेळा फिरवा. एक चित्र दोन फ्रेम ठेवून सेकंदाला बारा चित्रं धरली तर वीस सेकंदाला 240 लागली असती, अशी फिरवली की साठात भागतं, फक्त जांभळा वरचेवर कमी होत जातो तो वेगळा थर ठेवायचा.

आवाज बंद करून दाखवा

रंगीत काम सुरू करायच्या आधी पेन्सिलची चित्रं मोबाईलवर फोटो काढून सेकंदाप्रमाणं एकामागं एक लावा आणि पाच-सहा जणींना आवाज बंद करून दाखवा, एकेकीला वेगळं. निदान एक मराठी वस्ती आणि एक कन्नड. "समजलं का?" असं विचारू नका, समोरचा माणूस मान राखून होय म्हणतो. "काय काय झालं सांगा" म्हणा आणि गप्प बसा. मग तांब्या आणि साबण पुढं ठेवून "ताईनं केलं तसं करून दाखवा" म्हणा आणि त्यांच्या अंगठ्याकडं बघत राहा. कोण कुठं अडलं ते शॉटच्या नंबरापुढं लिहा, जिथं दोघी अडल्या तो शॉट परत काढायचा.

आमच्या वेळी शॉट 4 वर सगळ्याजणी अडल्या. पाण्यानं जांभळा फिका झालेला बघून त्यांना वाटलं झालं, धुतलं, आणि साबण कशाला आला ते कळेना. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलकटाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून चिकटलेलं सुटून पाण्याबरोबर वाहून जातं, हे मला सांगता आलं असतं, खरं सांगायला तोंड लागतं आणि ते आपण ठेवलेलं नाही. म्हणून शॉट बदलला. आता ताई पाण्यानं भिजलेलं एक बोट आज्जीच्या पांढऱ्या रुमालाला टेकवते आणि रुमालावर जांभळा ठसा उमटतो. त्यासाठी दोन सेकंद लागले, ते पहिल्या शॉटमधल्या बसच्या दांडीवरनं काढून घेतले. परत त्याच बायकांना दाखवलं तेव्हा ठसा उमटल्याबरोबर त्यातली एक ताई आपल्या बॅगेत साबणाची डबी चाचपायला लागली.